परिपत्रक पुन्हा लिहावे लागले त्याची गोष्ट

पुण्यातल्या हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी बरीच वर्षे कार्मिक विभाग सांभाळला. हजेरी, रजा, पगारवाढ, राजीनामे आणि परिपत्रके, असे सगळे माझ्या टेबलावरून जायचे. नोकरीत मी शेकडो परिपत्रके लिहिली असतील, पण दोनदा लिहावे लागलेले परिपत्रक एकच. करोनानंतर लोकांनी पुन्हा कार्यालयात कधी आणि कसे यावे, हे सांगणारे ते परिपत्रक होते. पहिल्यांदा ते मी वाईट लिहिले. त्यातून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

थोडी पार्श्वभूमी आठवून पाहा. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले. दोन आठवड्यांत देशभर टाळेबंदी झाली. आमच्या लोकांचे संगणक टेंपोत घालून घरोघर पोचवले. त्या वेळी आम्हाला वाटले, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. तो दोन वर्षे चालला. राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून करोनाचे सगळे निर्बंध उठवले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुढीपाडवा होता. गावात शोभायात्रा निघाल्या आणि आमच्या संचालकांनी मला बोलावून सांगितले, "आता सगळ्यांना बोलवा."

१८ एप्रिलला मी परिपत्रक काढले. सहा ओळींचे होते. कंपनीची संस्कृती आणि परस्पर सहकार्य वाढावे म्हणून २ मेपासून सर्व कर्मचाऱ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात हजर राहावे, अपवादासाठी आपापल्या व्यवस्थापकाची मंजुरी घ्यावी, शंका असल्यास कार्मिक विभागाशी संपर्क साधावा, असा मजकूर. खाली माझी सही.

दोन आठवड्यांत सात राजीनामे माझ्या टेबलावर आले. त्या सात जणांत एकही कामचुकार नव्हता.

आता या सहा ओळींत काय चुकले, ते एकेक करून पाहू.

पहिली चूक तारखेची. २ मे हा सोमवार, आणि ३ मे रोजी अक्षय्य तृतीया व रमजान ईद एकाच दिवशी आलेली, म्हणजे दुसऱ्याच दिवशी सुट्टी. पण ती गंमत सोडा. खरी अडचण अशी होती की दोन वर्षांत आमची बरीच मुले पुण्यातली खोली सोडून गावी गेली होती. कोणी सांगलीला, कोणी लातूरला, कोणी नागपूरला. पुण्यात घर भाड्याने घ्यायचे तर अकरा महिन्यांचा करार, वर अनामत रक्कम, शिवाय दलालाची दलाली. ज्यांना मुले होती, त्यांची शाळा जूनमध्ये सुरू होणार, तीही गावच्या शाळेत, कारण प्रवेश तिथे घेतलेला. अशा माणसाला दोन आठवड्यांत या म्हणणे म्हणजे राजीनामा दे म्हणण्यासारखेच होते. मी परिपत्रक लिहिताना कॅलेंडरवर फक्त सोमवार शोधला होता, माणसांची कॅलेंडरे पाहिली नव्हती.

दुसरी चूक मोजणीची. आमचे कर्मचारी चारशे वीस. टाळेबंदीत खर्च वाचवण्यासाठी कंपनीने एक मजला सोडून दिला होता, त्यामुळे उरल्या होत्या दोनशे चाळीस खुर्च्या. चारशे वीस माणसे दोनशे चाळीस खुर्च्यांवर कशी बसणार होती, हे परिपत्रकावर सही करताना मला कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही.

पण सगळ्यात मोठी चूक कारणात होती. "संस्कृती आणि सहकार्य" हे असे कारण आहे की ते कोणी खोटे ठरवू शकत नाही, आणि म्हणूनच त्यावर कोणी विश्वासही ठेवत नाही. दोन वर्षे घरून काम केले, ग्राहक खूश राहिले, कंपनीने स्वतःच अभिनंदनाची पत्रे पाठवली. मग सहकार्य कमी कुठे पडले, असे लोक विचारणारच. उत्तर नसले की लोक आपापले उत्तर शोधतात. कोणी म्हणाले, माणसे कमी करायची आहेत म्हणून त्रास देतात. कोणी म्हणाले, साहेबांना आपण समोर दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

संचालकांना मी परिपत्रक मागे घेण्याची विनंती केली. त्यांनी ते मान्य केले, हा त्यांचा मोठेपणा. मग आम्ही चार जण एका खोलीत बसलो आणि एकच प्रश्न घेतला, लोकांनी यावे असे आपल्याला खरोखर का वाटते? तासभर चर्चा झाली तेव्हा दोन खरी कारणे निघाली.

पहिले कारण नवी मुले. २०२० नंतर भरती झालेली नव्वद मुले-मुली आमच्याकडे होती. त्यांतल्या बहुतेकांनी कार्यालय पाहिलेलेच नव्हते. शेजारच्या माणसाला "हे असे का करतोस रे?" असे विचारून जे शिकता येते, ते त्यांना मिळाले नव्हते. त्यांच्या चुका दुप्पट वेळाने सापडत होत्या, हे आमच्या नोंदींत स्पष्ट दिसत होते. दुसरे कारण दोन ग्राहकांचे करार. त्यांची माहिती फक्त बंदिस्त जागेतच हाताळायची, असे कलम त्या करारांत होते. टाळेबंदीत त्यांनी सवलत दिली होती, ती आता संपत होती.

श्रोतेहो, कारण खरे असले की त्याचा एक फायदा होतो. नियम काय असावा, ते कारणच सांगते. नव्या मुलांनी शिकावे हे कारण असेल, तर ज्यांच्याकडून शिकायचे त्यांनी त्याच दिवशी आले पाहिजे. नवी मुले सोमवारी आणि अनुभवी लोक गुरुवारी आले, तर सगळेच रिकाम्या खोलीत बसून एकमेकांना फोन लावणार. ग्राहकाचा करार हे कारण असेल, तर त्या दोन ग्राहकांचे काम करणाऱ्यांनाच रोज यावे लागेल, बाकीच्यांवर ते कारण लादता येणार नाही. परिपत्रकातले कारण आणि वेळापत्रक समोरासमोर ठेवावे. दोन्ही जुळत नसतील, तर कारण खरे नाही किंवा वेळापत्रक चुकले आहे, असे समजावे.

इथे सरकारी नियमांबद्दलही एक शब्द सांगतो. आमचा काही भाग विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे सेझमध्ये होता. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने सेझच्या नियमांत ४३अ हा नियम घातला. त्यानुसार निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम करता येणार होते. त्याच वर्षी डिसेंबरात ती सवलत सर्व कर्मचाऱ्यांना, ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत दिली गेली. त्या काळात काही ठिकाणच्या परिपत्रकांत "सरकारी नियमांमुळे" असा मोघम शब्दप्रयोग मी वाचला. कोणता नियम, त्याची मर्यादा काय, तो कोणत्या इमारतीला लागू, हे लिहिले नाही तर तो आडोसाच ठरतो. कर्मचारी शिकलेले असतात. नियम ते स्वतः शोधून वाचतात, आणि मग परिपत्रकाची उरलेली वाक्येही त्यांना संशयास्पद वाटतात.

दुसरे परिपत्रक १६ मे रोजी निघाले आणि लागू झाले ४ जुलैपासून. मध्ये सात आठवडे. ही तारीख आम्ही मुद्दाम निवडली. जूनच्या मध्यात शाळा सुरू होतात, तो पहिला गोंधळाचा आठवडा सोडला. त्या वर्षी दोन वर्षांच्या खंडानंतर पालख्या पायी निघाल्या आणि २२ जूनला पुण्यात आल्या. त्या दिवसांत शहरातले रस्ते कसे असतात, हे पुणेकराला सांगायला नको. पालख्या पुढे गेल्यावर मग आमचे वेळापत्रक सुरू झाले.

वेळापत्रक सोपे होते. दोन गट केले, दोनशे दहाचा एक. पहिला गट सोमवार-मंगळवारी येणार, दुसरा गुरुवार-शुक्रवारी. नवी मुले आणि त्यांचे मार्गदर्शक आठवड्यातला एक दिवस आपल्या गटाबरोबर आणि एक दिवस बुधवारी येणार. दोन ग्राहकांच्या कामावरचे लोक मात्र रोज. ते थोडेच होते, आणि त्यांना स्वतंत्र बंदिस्त खोली होती, त्यामुळे दोनशे चाळीस खुर्च्यांच्या हिशेबात ते धरावे लागले नाहीत. बुधवारी दीडशेच्या आसपास माणसे व्हायची, म्हणजे नव्वद खुर्च्या रिकाम्या राहायच्या. त्या रिकाम्या खुर्च्या पुढे फार उपयोगी पडल्या.

आता अपवादांकडे येतो. परिपत्रक माणुसकीने लिहिले आहे की नाही, ते इथे कळते.

पहिल्या परिपत्रकात मी "व्यवस्थापकाची मंजुरी घ्यावी" एवढेच लिहिले होते. त्याचे दोन परिणाम झाले. एकाच प्रकारच्या अडचणीला एका व्यवस्थापकाने हो म्हटले, दुसऱ्याने नाही. आणि ज्याच्या हातात आपली पगारवाढ आहे, त्याच्यापुढे आपले दुखणे उघडे करावे लागले. एका मुलीला गर्भपातानंतर विश्रांती हवी होती. आपल्या टीम लीडरला हे सांगण्यापेक्षा तिने रजा संपवली आणि मग बिनपगारी रजा घेतली. हे मला सहा महिन्यांनी समजले. मला आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या परिपत्रकात आम्ही आधी हक्क आणि सवलत वेगळे केले. अपंग कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोयी-सुविधा करणे ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आलेली गोष्ट आहे, ती कोणाची मेहेरबानी नाही. बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल, तर दोघांच्या संमतीने ठरलेल्या अटींवर घरून काम करता येते, ही तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली आली, आणि आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. तिथे "मालक परवानगी देऊ शकतो" असे शब्द आहेत, म्हणजे मागण्याचा आधार आहे, पण हुकूम नाही. हा फरक आम्ही लपवला नाही. त्यानंतर आजारपण, घरातल्या रुग्णाची किंवा लहान मुलाची देखभाल आणि गावाहून परतण्यासाठी हवा असलेला वेळ, अशा सवलती आल्या.

अर्ज एका पानाचा. तो टीम लीडरकडे न जाता कार्मिक विभागाकडे यायचा. डॉक्टरांच्या दाखल्यावर आजाराचे नाव नको, रोज प्रवास करणे योग्य नाही आणि किती दिवस, एवढे पुरे. निकाल दहा कामकाजाच्या दिवसांत, लेखी, कारणासह. निकाल लागेपर्यंत चालू व्यवस्था कायम. नकार आला तर त्या विभागाबाहेरच्या दोघांकडे फेरविचार. मंजुरीला मुदत, आणि मुदत संपण्याआधी महिनाभर आमच्याकडूनच आठवण. यातली कोणतीही एक गोष्ट काढून टाका, बाकीची लंगडी पडते. मुदत नसेल तर अर्ज पडून राहतो. निकालापर्यंत चालू व्यवस्था कायम नसेल, तर अडचणीतल्या माणसाला आधी हजेरी लावावी लागते आणि मग न्याय मागावा लागतो.

आणि अर्जातला पहिला प्रश्न आम्ही बदलला. तो कसा बदलला, ते सांगतो.

सात राजीनाम्यांपैकी एक सांगवीला राहणाऱ्या आमच्या एका सहकारी बाईंचा होता. अकरा वर्षांची नोकरी. पहिल्या परिपत्रकानंतर त्यांनी "पूर्ण वेळ घरून काम" मागितले, व्यवस्थापकांनी नाकारले आणि त्यांनी राजीनामा दिला. परिपत्रक मागे घेतल्यावर मी सातही जणांना बोलावले. या बाई आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी म्हटले, "मॅडम, नेमकी अडचण काय ते मला सांगाल?"

त्या म्हणाल्या, "सर, सासूबाईंचं डायलिसिस असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. न्यायचं, चार तास थांबायचं, परत आणायचं. मिस्टर फिरतीच्या नोकरीवर आहेत. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लॅपटॉपवर काम करते, काम कधी थांबलं नाही."

"मग बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस मी येईन की. मला घरात बसायची हौस नाही, सर. मला फक्त मंगळवार आणि गुरुवार नकोत."

मी जुना अर्ज काढून पाहिला. त्यावर एकच प्रश्न होता, घरून काम करण्याची सूट हवी आहे काय, होय किंवा नाही. त्यांनी "होय"वर खूण केली होती. दुसरे त्या काय करणार? आम्ही विचारलेच तेवढे होते. पाच दिवसांची सूट मागितली म्हणून व्यवस्थापकांनी नाकारली, आणि त्यांना हवी होती ती दोन दिवसांची. तीही सूट नव्हे, अदलाबदल. नव्या वेळापत्रकात त्यांचा गट सोमवार-मंगळवारी होता. मंगळवारऐवजी त्यांनी बुधवारी यायचे ठरले. बुधवारी खुर्च्या रिकाम्या होत्याच. त्यांनी राजीनामा परत घेतला.

नव्या अर्जातला पहिला प्रश्न असा झाला: "वेळापत्रकातली कोणती गोष्ट तुम्हाला जमत नाही, आणि काय बदलले तर जमेल?" त्यानंतर जे अर्ज आले, त्यांत पूर्ण सूट मागणारे थोडेच होते. बहुतेकांना दिवस बदलून हवा होता किंवा वेळ मागेपुढे करून हवी होती.

आता शेवटचा भाग, तक्रार कुठे करायची. "शंका असल्यास संपर्क साधावा" या वाक्याने कोणी संपर्क साधत नाही. आम्ही तीन वाटा केल्या. सर्वांना लागू असणाऱ्या प्रश्नांसाठी पंधरा दिवसांनी एक खुली बैठक. तिथले प्रश्न आणि उत्तरे आठ दिवसांत सूचना फलकावर, नावाशिवाय. स्वतःच्या प्रकरणासाठी तो फेरविचार. आणि तिसरी, तक्रार निवारण समिती. अशी समिती तेव्हाही औद्योगिक विवाद कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यानुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ती हवी. मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी, एकूण दहापर्यंत, आणि तीस दिवसांत काम पूर्ण. मात्र कायद्यातल्या "कामगार" या व्याख्येत व्यवस्थापक पदावरचे लोक येत नाहीत. आम्ही आमची समिती सर्वांना खुली ठेवली.

आणखी एक गोष्ट परिपत्रकात स्पष्ट लिहिली. काय बदलू शकते आणि काय नाही. दोन ग्राहकांच्या कामावर रोज येणे, हे बदलणार नाही. दिवस, वेळ, बस आणि गट, हे बदलू शकते. जे आधीच ठरले आहे त्यावर मते मागवली, की पुढच्या वेळी कोणी मत देत नाही.

पहिल्या बैठकीत एका मुलाने विचारले, "सर, माझी सगळी टीम चेन्नईला आहे. मी वाकडच्या पुलावर तास घालवून येणार आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून चेन्नईशीच बोलणार. मी कोणाला शिकवणार आणि कोणाकडून शिकणार?" सभागृह हसले. मी हसलो नाही, कारण त्याचे बरोबर होते. आमचे कारण त्याला लागू होत नव्हते. अशी अकरा माणसे निघाली. त्यांना महिन्यातून दोन दिवस येण्याची मुभा दिली, आणि ते का, हे फलकावर लिहिले. बायकांचा प्रश्न परतीच्या बसचा होता. संध्याकाळच्या कोंडीत शेवटची बस सुटली की घरी पोचायला रात्र होत असे. बस पाऊण तास आधी सोडली, तेवढ्या लवकर सकाळी यायला त्या तयार होत्या.

परिपत्रक चालते आहे की नाही, हे हजेरीच्या आकड्यावरून कळत नाही, हेही मी शिकलो. पहिल्या महिन्यात हजेरी उत्तम दिसत होती. मग प्रवेशद्वारावरच्या कार्डाच्या नोंदी नीट पाहिल्या. एका विभागातले लोक अकराला येत, कार्ड लावत, चहा घेत आणि साडेबाराला कार्ड लावून परत जात. त्यांना दटावण्याआधी मी त्यांच्या मार्गदर्शकांचे दिवस पाहिले. मार्गदर्शकच त्या दिवशी येत नव्हते. तिथे वेळापत्रक कारणापासून सुटले होते. दुसरी खूण म्हणजे शांतता. एका विभागातून एकही अर्ज नाही, एकही तक्रार नाही. चौकशी केली तेव्हा कळले, तिथल्या साहेबांनी "अर्ज करणाऱ्यांची नावे मी लक्षात ठेवतो" असे सांगितले होते. त्यांच्याशी मला वेगळे बोलावे लागले.

सगळे गोड झाले असे नाही. सातपैकी चार जण परतले, तीन गेलेच. लातूरच्या एका मुलाला सात आठवडेही पुरले नाहीत, वडिलांचे दुकान त्याच्यावर आले होते. त्याला डिसेंबरपर्यंत मुदत दिली, पुढे त्यानेच नोकरी सोडली. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, मोठ्या कंपन्यांनीही लोकांना परत बोलावले. टीसीएसने १ ऑक्टोबरपासून आठवड्याचे पाच दिवस सांगितले, विप्रोने १५ नोव्हेंबरपासून तीन. आमच्याकडेही दिवस वाढले. वाढवताना परिपत्रक पुन्हा निघाले, आणि त्यात वाढवण्याचे कारण पहिल्या परिच्छेदात होते.

मी निवृत्त झालो त्या दिवशी सांगवीच्या त्या बाई भेटायला आल्या. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, आता मला मंगळवार चालेल. तसा अर्ज दिलाय मी." मी तो अर्ज पाहिला. पहिल्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिले होते, "आता सगळे जमते."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)